शंभराची घडी घातलेली नोट आणि शक्यतेचे पारडे

केंद्रीय बांधकाम खात्यातला एक अधिकारी आपल्या ज्येष्ठतेची तक्रार घेऊन दिल्लीत एका उपसंचालकांच्या घरी गेला. वर्ष 1956. खोलीत दोघेच होते. उपसंचालकांनी पुढे चौकशीत सांगितले ते असे : बोलता बोलता त्याने खिशातून शंभराच्या घडी घातलेल्या नोटेसारखे काहीतरी काढले आणि ते देऊ करण्याचा त्याचा इरादा दिसला. त्यांनी नाराजी दाखवताच ते पुन्हा खिशात गेले. अधिकाऱ्याने हे साफ नाकारले. तिसरा माणूस नव्हता आणि नोट कोणी जप्तही केली नव्हती. चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध होत नाही असे लिहिले, सरकारने ते मानले नाही आणि त्याला नोकरीतून काढले.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1963 मध्ये निकाल लिहिला तो आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. हा ‘गोयल खटला’ कामाच्या ठिकाणच्या चौकशांवर बोलणाऱ्याने आधी वाचावा असे मला वाटते. गजेंद्रगडकरांनी उपसंचालकांना खोटे ठरवले नाही. त्यांचा शब्द पूर्ण खरा धरला तरी त्यातून काय निघते, एवढेच त्यांनी विचारले. निघते ते इतकेच की नोटेसारखे काहीतरी दिसले आणि द्यायचा विचार असावा असे वाटले. ती नोटच होती, ती लाच म्हणूनच होती, हे त्या शब्दांत नाही. सरकारी नोकरीतला भ्रष्टाचार निपटण्याची कळकळ समजते, पण खात्याच्या चौकशीतही संशय पुराव्याच्या जागी बसू शकत नाही, असे सांगून न्यायालयाने बडतर्फी टिकू दिली नाही.

यातला भेद बारीक आहे आणि चौकशीला बसणाऱ्या बहुतेकांच्या हातून तो निसटतो. ‘या माणसावर माझा विश्वास आहे का?’ हा एक प्रश्न. ‘हा माणूस जे सांगतो त्यात आरोपाची वस्तुस्थिती आहे का?’ हा दुसरा. पहिल्याला होकार मिळाला की दुसरा सुटला असे समजून अहवाल लिहिले जातात.

आता पुराव्याच्या पातळीकडे येऊ. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत तेवढे लागत नाही. तिथे शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहायचे असते, म्हणजे घटना घडली असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का. फौजदारी निकालाने माणसाचे स्वातंत्र्य जाते आणि चौकशीने फार तर नोकरी जाते, हे त्यामागचे कारण. महाराष्ट्राच्या नागरी सेवेचे 1979 चे शिस्त व अपील नियम असोत, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे 1964 चे असोत, की खाजगी शाळांचे 1981 चे, चौकशीची रीत वेगवेगळी असली तरी पारडे हेच.

हे पारडे किती हलके असू शकते ते हरियाणाच्या एका बस वाहकाच्या प्रकरणात दिसले. भरारी पथकाने गाडी थांबवली तेव्हा 11 प्रवाशांकडे तिकिटे नव्हती. पैसे दिले होते असे त्यांनी तपासनीसाला सांगितले, पण लेखी द्यायला ते तयार झाले नाहीत. चौकशीत एकही प्रवासी आला नाही. सोबतचा वाहक तर आरोपीच्याच बाजूने बोलला. खालच्या तिन्ही न्यायालयांनी म्हटले, प्रवासी तपासले नाहीत, बडतर्फी रद्द. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते उलटवले. खात्याच्या चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे सगळे काटेकोर नियम लागू नाहीत. समंजस माणसाला विश्वासार्ह वाटेल आणि प्रकरणाशी ज्याचा वाजवी संबंध आहे, असे काही असले तर ऐकीव माहितीही चालते. पुढे कर्नाटकच्या परिवहन महामंडळाच्या एका वाहकाकडे हिशेबापेक्षा 93 रुपये जास्त सापडले, तेव्हाही प्रवासी न तपासल्याची सबब न्यायालयाने मानली नाही. आपल्या एसटीतल्या वाहकांना हे निकाल नावाने नसले तरी परिणामाने चांगले ठाऊक आहेत.

मग नोटेच्या प्रकरणात अधिकारी सुटतो आणि बसच्या प्रकरणात वाहक जातो, हा विरोध आहे का? मला तो वाटत नाही. बसमध्ये तिकिटाविना बसलेली 11 माणसे तपासनीसाने स्वतः मोजली होती. तेवढी गोष्ट कोणाच्या तोंडावर अवलंबून नव्हती आणि प्रवाशांचे म्हणणे त्या पक्क्या खुंटीला टांगलेले होते. नोटेच्या प्रकरणात अशी खुंटीच नव्हती. महाराष्ट्रातच 1990 च्या दहावीच्या परीक्षेत 283 विद्यार्थ्यांच्या गुणांत फेरफार झाल्याचे प्रकरण उभे राहिले. त्यावरच्या 1991 च्या निकालात न्यायालयाने हीच रेघ ओढली आहे. सिद्ध झालेल्या गोष्टींवरून काढलेला निष्कर्ष चालतो, ज्याच्याखाली सिद्ध गोष्टच नाही असा तर्क चालत नाही.

साक्षीदार नसलेल्या चौकशीत म्हणूनच दोन माणसे तोलायची नसतात. दोन हकिकती तोलायच्या असतात, आणि त्याही एकमेकींशी नव्हे, तर दोघांपैकी कोणाच्याच हातात नसलेल्या गोष्टींशी ताडून.

चेहऱ्यावरून सत्य ओळखता येते ही समजूत इथे सर्वांत जास्त घात करते. ‘तक्रारदार नजर चुकवत होती’, ‘सर अगदी शांतपणे बोलले’ अशी वाक्ये अहवालांत येतात. समोरच्याचे बोलणे खरे की खोटे हे नुसते ऐकून-पाहून ओळखायला सांगितले तर माणसे शंभरात सुमारे 54 वेळा बरोबर येतात, असे अनेक अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवले. नाणे उडवले तर 50 वेळा बरोबर येते. आणि आपल्याकडे तर समितीसमोर संस्थेचे पदाधिकारी बसलेले असताना खालच्या पदावरची बाई मान वर करून बोलणार नाही आणि वीस वर्षे सभा गाजवलेला माणूस अडखळणार नाही. त्या नजरेत पद दिसते, सत्य नव्हे.

सातत्याचेही असेच आहे. हकिकत प्रत्येक वेळी तीच असावी हे बरोबर, पण कुठल्या भागात? 1983 च्या गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समजावले की साक्षीदाराच्या मनात चित्रफीत फिरत नसते. वेळ, अंतर, कोण आधी बोलले, यांत माणूस चुकतोच. घटनेचा गाभा बदलला का, हे पाहायचे. उलट शब्दन्‌शब्द तीच हकिकत चार वेळा आली तर ती पाठ केलेली नाही ना, अशी शंका घ्यायला जागा असते.

बंद जागेतल्या एका तक्रारीवरचा आपल्याकडचा पायाभूत निकाल 1999 चा आहे. दिल्लीतल्या एका निर्यात परिषदेच्या अध्यक्षांच्या खासगी सचिवाने 12 ऑगस्ट 1988 रोजी कार्यालयातल्या लिपिक-टंकलेखक तरुणीला अध्यक्षांचा मजकूर उतरवून घ्यायला म्हणून एका मोठ्या हॉटेलात नेले. मजकूर उतरवून घेण्याचे तिचे काम नव्हते आणि ते तिला येतही नव्हते. तिथे व्यवसाय कक्षात आणि मग लिफ्टमध्ये त्याने लगट करायचा प्रयत्न केला. लिफ्टमधले धोक्याचे बटण दाबून ती सुटली. लेखी तक्रार 16 तारखेची. चौकशीत आरोप सिद्ध धरला गेला आणि 1989 मध्ये तो नोकरीतून गेला. उच्च न्यायालयाने मात्र म्हटले, त्याने प्रयत्न केला, प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध नाही, कामावर घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. अशा प्रकरणात क्षुल्लक विसंगतींना किंवा शब्दांच्या अरुंद व्याख्येला धरून बसू नये, प्रकरणाच्या एकूण शक्यता पाहाव्यात, आणि तिची साक्ष विश्वास वाटावी अशी असेल तर तिच्यावर निष्कर्ष उभा राहू शकतो. एकटीचा शब्द हा पुरावा नसतो, असे गावोगाव म्हटले जाते. ते चूक आहे. शब्द हाच पुरावा असतो, त्याचे वजन काढायचे असते. किती साक्षीदार हवेत याचा आकडा आपल्या पुराव्याच्या कायद्यातही नाही.

याच निकालातली आणखी एक गोष्ट चौकशी करणाऱ्यांनी मनावर घ्यावी. उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तोलायला नको होता, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे वस्तुस्थिती काय ते ठरवण्याचे काम जवळजवळ शेवटचे होते ते चौकशीच्या त्या टेबलावरच. वरचे न्यायालय रीत पाळली का आणि काही पुरावा होता का, एवढेच पाहील.

आता हे टेबल केनवडला आणून पाहू. रिसोड तालुक्यातल्या या गावासारख्या ठिकाणी कामाच्या जागा म्हणजे शाळा, सोसायटी, दवाखाना, दुकान. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, म्हणजे वाशिमला जाते. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने ती 7 दिवसांत पुढे पाठवायची असते. दहा किंवा जास्त माणसे असतील तर जागेवरच अंतर्गत समिती हवी. पुढचे उदाहरण मी रचलेले आहे, कोणत्याही खऱ्या शाळेचे नाही.

शाळेत 14 कर्मचारी आहेत. महिला लिपिकाची तक्रार अशी : शनिवारची सकाळची शाळा 11 ला सुटली. मुख्याध्यापकांनी शिपायाला बँकेत पाठवले, ऑनलाइन भरायची माहिती तपासायला म्हणून मला कार्यालयात बोलावले, हात धरला आणि ‘गोपनीय अहवाल माझ्या हातात आहे’ असे म्हणाले. मी बाहेर पळाले. तक्रार नऊ दिवसांनी दिली आहे. मुख्याध्यापकांचे उत्तर असे : सव्वाअकरालाच मी रिसोडला निघालो. मॅडम उशिरा येतात म्हणून शुक्रवारी त्यांना ज्ञापन दिले, त्याचा हा सूड आहे.

पहिले काम म्हणजे दोघांना मान्य काय आहे ते वेगळे काढणे. दोघेही 11 पर्यंत शाळेत होते, ज्ञापन दिले गेले, हे मान्य. म्हणजे तपासता येतील असे प्रश्न दोनच उरतात. मुख्याध्यापक साडेअकरानंतर शाळेत होते का, आणि ज्ञापन आधीचे की नंतरचे? हात धरला का, हा प्रश्न समितीला थेट तपासता येत नाही, म्हणून तिथून सुरुवात करायची नाही.

हालचाल नोंदवहीत रिसोडला गेल्याची नोंद नाही. एवढ्याने काही ठरत नाही, कारण नोंद न करता जाणे सगळीकडे चालते. शिपाई सांगतो, सरांनी पावणेबाराला हातात रोख दिली. बँकेच्या पावतीवर वेळ आहे 11.58. शिपायाची नोकरी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर चालते, तरी तो त्यांच्या सोयीचे बोलत नाही, आणि पावती त्याच्या बोलण्याला धरून आहे. याला वजन आहे. लिपिकाच्या फोनवर 12.05 ला बहिणीला केलेला नऊ मिनिटांचा कॉल दिसतो. बहीण सांगते, ती रडत होती आणि सरांनी हात धरला म्हणाली. बहीण घटनेची साक्षीदार नाही. पण हकिकत नऊ दिवसांनी रचलेली नाही, ती त्याच दुपारी सांगितलेली होती, एवढे तिच्या साक्षीने कळते. नऊ दिवसांच्या उशिराचे ओझेही त्यामुळे हलके होते. कायदा तर तीन महिन्यांची मुदत देतो.

ज्ञापनावर तारीख शुक्रवारची, पण जावक नोंदवहीत ते पुढच्या मंगळवारी चढले आहे. इथे समितीला वाटेल, सापडले, ज्ञापन मागाहून केले. थांबायला हवे ते इथेच. ही विसंगती मुख्याध्यापकांसमोर ठेवून त्यांचे ऐकलेच पाहिजे. ते म्हणतात, जावक नोंदवही लिहिते कोण? मॅडमच. त्यांनी मुद्दाम उशिरा चढवले. उत्तर बिनतोड आहे. तक्रारदाराच्याच हातची वही तिच्या बाजूचा पुरावा होत नाही. मग समिती त्या आधीच्या जावक क्रमांकाचे पत्र काढते. ते पंचायत समितीला गेलेले आहे, ज्ञापनाप्रमाणेच तेही मुख्याध्यापकांच्या सहीचे आहे, आणि कागदावर त्यांनी स्वतः लिहिलेली तारीख सोमवारची. ज्ञापनावरचा जावक क्रमांकही त्यांच्याच अक्षरात आहे आणि तो या पत्राच्या पुढचा आहे. आता क्रम त्यांच्याच हाताने ठरला : ज्ञापन शनिवारच्या नंतरचे.

तिच्या बाजूच्या उणिवाही तितक्याच कडकपणे पाहायच्या. तक्रारीत साडेअकरा, जबाबात पावणेबारा. उजवा हात की डावा, यात घोळ. हे कडेचे आहे. पण तक्रारीत नुसते बोलणे आणि जबाबात हात धरणे असे असते, तर तो गाभ्यातला बदल झाला असता. त्याचे कारण तिला विचारून, तिचे उत्तर नोंदवून मगच पुढे जावे लागले असते.

निष्कर्ष लिहिताना अजून एक घसरण असते. मुख्याध्यापक शाळेत नव्हते हे खोटे ठरले, म्हणून हात धरला हे खरे ठरले, असे होत नाही. माणूस अब्रूच्या भीतीने निर्दोष असूनही खोटे बोलतो. हात धरल्याचा पुरावा आताही तिचा शब्द हाच आहे. बदलले ते एवढे की तिची हकिकत जिथे जिथे तपासता आली तिथे टिकली, त्यांची जिथे तपासता आली तिथे मोडली, आणि सूडाचे त्यांनी दिलेले कारण तारखेनेच उरले नाही. या तीन गोष्टी क्रमाने लिहून समितीने म्हणावे, शक्यतेचे पारडे तक्रारीकडे झुकते. ‘दोघांचे म्हणणे ऐकले, तक्रारदार विश्वासार्ह वाटल्या’ एवढ्या एका ओळीचा अहवाल खरा असला तरी टिकणार नाही, आणि टिकूही नये.

हेच उलटे झाले असते तर? शिपाई म्हणाला असता, सव्वाअकराला कुलूप लावून किल्ली मीच घेतली, आणि मुख्याध्यापकांची रिसोडमधली पेट्रोलची पावती 11.50 ची निघाली असती, तर आरोप सिद्ध होत नाही असे लिहावे लागले असते. पण तक्रार खोटी, असे नव्हे. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे आहे’ यांत 2013 च्या कायद्याने स्पष्ट अंतर ठेवले आहे. केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करायची नसते. त्यासाठी दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो. गावात हे अंतर कोणी पाळत नाही. निकाल लागला की एक जण खरा आणि दुसरा खोटा ठरवला जातो, आणि या भीतीनेच कितीतरी बाया तक्रार लिहीत नाहीत.

आरोप जितका गंभीर तितका पुरावा जड हवा, असा एक जुना वाद आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1938 मध्ये तसे सुचवले, इंग्लंडमध्ये 2008 ला लॉर्डांनी बजावले की पारडे एकच आहे, घडले किंवा घडले नाही. माझे मत दुसऱ्या बाजूचे. गंभीर आरोपात पारडे बदलू नये, तपासाची मेहनत वाढावी. पारडे जड केले की साक्षीदार नसलेली प्रत्येक घटना आपोआप न घडलेली ठरते.

मात्र पारडे हलके आहे म्हणून रीतही हलकी, असा अर्थ समित्या काढतात तेव्हा नुकसान तक्रारदाराचेच होते. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेत 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की तक्रार समितीचा अहवाल हाच विभागीय चौकशीचा अहवाल समजावा. बाईने दोनदा सगळे सांगायला लागू नये म्हणून हे झाले. पण त्यामुळेच समितीवर चौकशी अधिकाऱ्याची सगळी जबाबदारी आली. विरोधी पक्षाला तक्रारीची आणि जबाबांची प्रत देणे, उत्तराला वेळ देणे, समोरासमोर नको असेल तर लेखी प्रश्नांनी का होईना उलटतपासणी होऊ देणे, हे तिला टाळता येत नाही. कायद्याची 90 दिवसांची मर्यादा चौकशी लांबू नये म्हणून आहे, आठवड्यात उरकण्यासाठी नाही.

गोवा विद्यापीठात हेच घडले. 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी दिल्या. समितीने मे महिन्यात एकामागून एक बैठका लावल्या, तयारीला वेळ मागणाऱ्या प्राध्यापकाला तो पुरेसा दिला नाही, आणि तो गैरहजर असताना 5 जून 2009 रोजी अहवाल दिला. त्याची नोकरी गेली, मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रीत मोडली म्हणून सगळे रद्द केले. तक्रारी खऱ्या की खोट्या यावर न्यायालय एक शब्द बोलले नाही. चौदा वर्षांनंतर प्रकरण पुन्हा समितीकडे गेले, 5 मे 2009 रोजी चौकशी जिथे होती तिथून सुरू करण्यासाठी.